दुसऱ्या वर्षी गणित का फसते: बुडीत कर्ज, संशयित कर्जाची तरतूद आणि ऋणकोवरील कसर

पहिल्या वर्षाचे गणित बहुतेकांना जमते. ऋणकोंतून बुडीत कर्ज वजा केले, उरलेल्यावर पाच टक्के काढले, पुढे दोन टक्के काढले, संपले. फसगत होते ती दुसऱ्या वर्षी. तेरजेत जमेच्या बाजूला गेल्या वर्षीच्या दोन जुन्या तरतुदी येऊन बसलेल्या असतात आणि त्यांचे काय करायचे ते कळत नाही. कोणी त्या सोडून देतो, कोणी त्या थेट ऋणकोंतून वजा करतो, कोणी नवी तरतूद काढण्याऐवजी जुनीच पुढे ढकलतो. संध्याकाळी शिकवणीला येणारी बारावीची मुले ही चूक करतात आणि मार्चअखेरीस हिशेब मिटवणारे दुकानातले कारकूनही करतात. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन दोन वर्षे सलग चालवतो.

उदाहरण म्हापशातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचे. तेल, तांदूळ, पीठ, मसाले तो किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना उधारीवर पुरवतो. आकडे शिकवण्याच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, पण अडचण खरी आहे. शॅकचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेअखेरीपर्यंत, पावसाआधी शॅक मोडून ठेवायचे. हिशेबाचे वर्ष मात्र 31 मार्चला संपते. म्हणजे वही मिटवायची त्या दिवशी उधारी ऐन भरात असते आणि कोण पैसे देईल, कोण शॅक मोडून फोन बंद करून बसेल, हे सांगता येत नाही.

## पूर्वतयारी: आधी क्रम डोक्यात बसवा

तिन्ही आकड्यांचा क्रम पाठ करू नका, तो का आहे ते बघा. बुडीत कर्ज म्हणजे गेलेले पैसे, आणि ते कोणाचे गेले हेही माहीत असते. संशयित कर्ज म्हणजे काही जण बुडवणार याची खात्री आहे, पण कोण ते माहीत नाही. कसर म्हणजे जे पैसे देणार आहेत ते लवकर दिल्याबद्दल थोडे कमी देतील ती रक्कम.

आता विचार करा. ज्याने बुडवले त्याच्यावर संशय कसला घ्यायचा? तो तर यादीतून गेला. आणि जो पैसेच देणार नाही त्याला कसर कशी मिळणार? म्हणून आधी बुडीत कर्ज वजा, उरलेल्या रकमेवर संशयित कर्जाची तरतूद, आणि ती वजा करून उरलेल्या चांगल्या ऋणकोंवर कसरीची तरतूद. हा क्रम उलटला की पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

दुसरी तयारी कागदावरची. तेरीज आणि समायोजना समोर ठेवा आणि या विषयाशी संबंध असलेल्या प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीने ‘आत’ किंवा ‘बाहेर’ लिहा. तेरजेत आलेली रक्कम ‘आत’, खाली समायोजनेत दिलेली ‘बाहेर’. ‘आत’ असलेल्या बुडीत कर्जाची नोंद वर्षभरात होऊन गेलेली असते, ऋणकोंची शिल्लक तेवढ्याने आधीच घटलेली असते. त्याचा परिणाम फक्त नफा-तोटा खात्यावर दाखवायचा. ‘बाहेर’ असलेल्या बुडीत कर्जाची नोंद अजून व्हायची आहे, म्हणून ते नफा-तोटा खात्यातही येते आणि ऋणकोंतूनही वजा होते.

सावधान: तेरजेतले बुडीत कर्ज ऋणकोंतून पुन्हा वजा करणे ही माझ्या अनुभवात सर्वांत जास्त होणारी चूक आहे. पेन्सिलीची ही खूण तेवढ्यासाठीच.

## टप्पा 1: पहिले वर्ष, 31 मार्च 2024

व्यापाऱ्याने याआधी कसलीच तरतूद केलेली नव्हती. तेरजेत ऋणको 4,12,000 रुपये आणि बुडीत कर्ज 6,500 रुपये. समायोजना अशा: आणखी 12,000 रुपये बुडीत म्हणून काढून टाकायचे, उरलेल्या ऋणकोंवर 5 टक्के संशयित कर्जाची आणि 2 टक्के कसरीची तरतूद करायची. कसर का? तर त्याने मार्चमध्ये गिऱ्हाइकांना सांगून ठेवले की जो 30 एप्रिलच्या आत जुने बिल चुकते करील त्याला दोन टक्के सोडू. हंगाम संपण्याआधी पैसे हाती यावेत, हा त्यामागचा हिशेब.

आता क्रमाने. 4,12,000 मधून ‘बाहेर’चे 12,000 वजा, राहिले 4,00,000. त्याचे पाच टक्के 20,000, राहिले 3,80,000. त्याचे दोन टक्के 7,600, राहिले 3,72,400. हाच शेवटचा आकडा ताळेबंदात ऋणको म्हणून बाहेरच्या रकान्यात येतो.

नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला बुडीत कर्ज 6,500 अधिक 12,000, म्हणजे 18,500, आणि त्यात नवी तरतूद 20,000 मिळवून 38,500. कसरीची तरतूद 7,600 वेगळ्या ओळीत. 6,500 चा आकडा ऋणकोंच्या बाजूला कुठेच आला नाही, हे एकदा नजरेखालून घाला.

तपासा: ताळेबंदात ऋणकोंतून वजा झालेल्या तीन रकमा 12,000, 20,000 आणि 7,600, बेरीज 39,600. त्यात तेरजेतले 6,500 मिळवले की 46,100. नफा-तोटा खात्यातल्या 38,500 आणि 7,600 यांची बेरीजही 46,100. जुळले.

## टप्पा 2: दोन वर्षांमधला दरवाजा

1 एप्रिल 2024 ला नवी वही उघडताना काय पुढे येते? बुडीत कर्ज खाते पुढे येत नाही, ते नफा-तोटा खात्यात जाऊन बंद झाले. ऋणको पुढे येतात, पण 3,72,400 नव्हे, 4,00,000. कारण तरतूद म्हणजे कोणा शॅकवाल्याच्या खात्यावर केलेली नोंद नाही. प्रत्येकाच्या खात्यात त्याचे पूर्ण येणे तसेच उभे आहे. तरतुदीची दोन खाती वेगळी, जमा शिल्लक दाखवत पुढे येतात: संशयित कर्जाची तरतूद 20,000 आणि कसरीची तरतूद 7,600.

पुढच्या तेरजेत हे दोन आकडे दिसतात तेव्हा मुले विचारतात, “सर, हे उत्पन्न आहे का?” नाही. गेल्या वर्षीच्या नफ्यातून बाजूला काढून ठेवलेले ते पैसे आहेत, यंदाचा घाव आधी त्यांच्यावर पडायचा. आईने गणपतीसाठी डब्यात वेगळे ठेवलेले पैसे असतात ना, तसे. चतुर्थीचा खर्च आधी डब्यातून करायचा, कमी पडले तरच पगाराला हात लावायचा. डबा विसरून सगळा खर्च पगारातून केला, तर महिना उगाच तोट्यात दिसणार.

## टप्पा 3: दुसऱ्या वर्षाचे ऋणको आधी दुरुस्त करा

31 मार्च 2025 ची तेरीज: ऋणको 3,22,000, बुडीत कर्ज 9,000, दिलेली कसर 5,200, संशयित कर्जाची जुनी तरतूद 20,000, कसरीची जुनी तरतूद 7,600.

समायोजना दोन. पहिली, आणखी 6,000 रुपये बुडीत म्हणून काढायचे आणि तरतुदी पूर्वीच्याच दराने करायच्या. दुसरी जरा खोडकर आहे. पहिल्या वर्षी जे 12,000 काढून टाकले होते, त्यातल्या एका शॅकवाल्याने डिसेंबरात पुन्हा माल हवा म्हणून 4,000 रुपये आणून दिले. कारकुनाने ते त्याच्या वैयक्तिक खात्यावर जमा केले.

इथे थांबा. त्या माणसाचे खाते वर्षापूर्वीच शून्य झालेले होते. शून्य खात्यावर 4,000 जमा केल्याने ते उलटे, जमा शिल्लक दाखवू लागले आणि ऋणकोंच्या एकूण बेरजेतून तेवढी रक्कम विनाकारण गळली. बाकीच्या गिऱ्हाइकांकडून खरे येणे 3,26,000 असताना तेरजेत 3,22,000 दिसते आहे. दुरुस्तीची नोंद अशी:

ऋणको खाते नावे 4,000
बुडीत कर्ज वसुली खात्यास 4,000

वसुलीचे 4,000 नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला जातात. यंदाच्या बुडीत कर्जातून ते वजा करू नका, ती गेल्या वर्षीची गोष्ट. वजा केल्याने निव्वळ नफा तोच येईल, पण यंदा नेमके किती बुडाले हे वहीतून पुसले जाईल.

आता ऋणको: 3,22,000 अधिक 4,000, म्हणजे 3,26,000. त्यातून ‘बाहेर’चे 6,000 वजा, राहिले 3,20,000.

सावधान: वसुली योग्य खात्यावर जमा झालेली असेल, म्हणजे तेरजेत ‘बुडीत कर्ज वसुली’ अशी वेगळी ओळ दिसत असेल, तर ऋणकोंत काहीही मिळवायचे नाही. मिळवायचे ते फक्त माणसाच्या खात्यावर चुकून जमा झाले असेल तेव्हाच. प्रश्नातले वाक्य दोनदा वाचा.

## टप्पा 4: नव्या तरतुदी काढा, जुन्यांकडे न बघता

3,20,000 चे पाच टक्के 16,000. राहिले 3,04,000. त्याचे दोन टक्के 6,080. राहिले 2,97,920.

या टप्प्यावर जुने 20,000 आणि 7,600 हातातही घ्यायचे नाहीत. नवी तरतूद ही 31 मार्च 2025 ला जे ऋणको उभे आहेत त्यांच्यासाठी आहे. गेल्या वर्षीच्या तरतुदीचा त्यांच्याशी संबंध नाही. काही जण 3,20,000 मधून आधी जुने 20,000 वजा करतात आणि उरलेल्या 3,00,000 वर पाच टक्के काढतात. त्यांना 15,000 येतात, दिसायला उत्तर अगदी गुळगुळीत, पण चूक.

कसर 3,20,000 वरच काढली तर 6,400 येते, बरोबर उत्तरापेक्षा 320 ने जास्त. एवढासा फरक घरी दुर्लक्षून जातो, पेपरात मात्र तिथून पुढचे सगळे आकडे घसरतात.

## टप्पा 5: संशयित कर्ज तरतूद खाते

खरी मेख इथे आहे, म्हणून हे खाते पूर्ण मांडून दाखवतो. यंदाचे सगळे बुडीत कर्ज, ‘आत’चे 9,000 आणि ‘बाहेर’चे 6,000, म्हणजे 15,000, या खात्याच्या नावे बाजूला येते. डब्यातून खर्च झाला तो हा. वर्षअखेरीस डब्यात 16,000 शिल्लक हवेत, तीही नावे बाजूला, पुढे नेलेली शिल्लक म्हणून. जमा बाजूला सुरुवातीचे 20,000. जे कमी पडते ते नफा-तोटा खात्यातून आणायचे.

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| बुडीत कर्ज खात्यास | 15,000 | शिल्लक पुढे आणली | 20,000 |
| शिल्लक पुढे नेली | 16,000 | नफा-तोटा खात्याने | 11,000 |
| एकूण | 31,000 | एकूण | 31,000 |

म्हणजे नफा-तोटा खात्याला नावे पडतात फक्त 11,000. पेपरात हे खाते मागितलेले नसेल तर नफा-तोटा खात्याच्या आतल्या रकान्यात तेच असे दाखवा: बुडीत कर्ज 9,000, अधिक नवे बुडीत कर्ज 6,000, अधिक नवी तरतूद 16,000, बेरीज 31,000, वजा जुनी तरतूद 20,000, बाहेरच्या रकान्यात 11,000.

जुनी तरतूद विसरली तर 31,000 नावे पडतात आणि नफा 20,000 ने कमी दिसतो. एवढेच नाही, तेरजेतली 20,000 ची जमा रक्कम कुठेच न गेल्यामुळे ताळेबंदही जुळत नाही. ताळेबंदातला फरक नेमका जुन्या तरतुदीएवढा आला तर शोधत बसू नका, चूक इथेच आहे.

काही जण दुसऱ्या रीतीने करतात: बुडीत कर्ज 15,000 सरळ नफा-तोटा खात्याला नावे टाकतात आणि तरतूद 20,000 वरून 16,000 वर आली म्हणून फरकाचे 4,000 जमा दाखवतात. निव्वळ परिणाम 11,000 च. दोन्ही रीती चालतात. एकाच उत्तरात दोन्हींची खिचडी केली, म्हणजे 15,000 तरतूद खात्यात नेले आणि पुन्हा फरकाचे 4,000 ही जमा दाखवले, तर मात्र चालत नाही.

## टप्पा 6: कसरीच्या तरतुदीचे खाते

रीत तीच, फक्त बुडीत कर्जाच्या जागी वर्षभरात खरोखर दिलेली कसर. एप्रिल 2024 मध्ये वेळेत पैसे देणाऱ्यांना 5,200 रुपये सोडले, ते जुन्या 7,600 मधून भागतात. वर्षअखेरीस 6,080 हवेत. 5,200 अधिक 6,080 म्हणजे 11,280, वजा 7,600, राहिले 3,680. तेवढेच नफा-तोटा खात्याला नावे.

इथली नेहमीची गडबड म्हणजे ‘दिलेली कसर’ आणि ‘मिळालेली कसर’ यांची सरमिसळ. तेरजेत जमेच्या बाजूला कसर असेल तर ती आपल्याला पुरवठादाराने दिलेली आहे, तिचा या खात्याशी संबंध नाही. व्यापारी कसरीचाही नाही, ती बिलातच वजा होऊन जाते, वहीत वेगळी येतच नाही.

सावधान: दिलेली 5,200 ची कसर इथे आणली की नफा-तोटा खात्यात तिची स्वतंत्र ओळ ठेवायची नाही. ठेवली तर तोच खर्च दोनदा पडतो.

## टप्पा 7: ताळेबंद आणि दोन वर्षांची एकत्र तपासणी

ताळेबंदात ऋणको असे मांडा: 3,22,000, अधिक दुरुस्ती 4,000, वजा बुडीत कर्ज 6,000, म्हणजे 3,20,000. वजा नवी तरतूद 16,000, म्हणजे 3,04,000. वजा कसरीची नवी तरतूद 6,080, बाहेर 2,97,920. जुने 20,000 आणि 7,600 इथे येत नाहीत, 9,000 आणि 5,200 ही येत नाहीत. नवीन माणसाला वाटते, एवढ्या रकमा आणि ऋणकोंतून वजा इतक्या थोड्या? हो, इतक्याच.

आता माझी आवडती तपासणी, जी एका वर्षाच्या उदाहरणात करताच येत नाही. सुरुवातीला डबा रिकामा होता. म्हणून दोन वर्षांत नफा-तोटा खात्याने जेवढे सोसले, तेवढेच दोन वर्षांत प्रत्यक्ष बुडालेले कर्ज आणि शेवटी डब्यात उरलेली तरतूद मिळून व्हायला हवे. सोसले ते 38,500 अधिक 11,000, म्हणजे 49,500. बुडाले 18,500 अधिक 15,000, आणि डब्यात 16,000, तेही 49,500. कसरीचे तसेच: 7,600 अधिक 3,680 म्हणजे 11,280, आणि 5,200 अधिक 6,080 म्हणजेही 11,280. यात एक रुपया जरी कमी-जास्त आला, तर जुन्या तरतुदीचे कुठेतरी काहीतरी राहिले आहे.

## जुनी तरतूद जास्त ठरली तर

समजा 2024-25 चा हंगाम उत्तम गेला आणि ‘आत’चे व ‘बाहेर’चे मिळून फक्त 3,000 रुपये बुडाले. ऋणकोंची वर्षअखेरची रक्कम तीच 3,20,000 धरू. मग 3,000 अधिक 16,000 म्हणजे 19,000, आणि डब्यात होते 20,000. हजार रुपये जास्त झाले. नावे बाजूला उणे 1,000 लिहू नका. ते 1,000 नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला ‘जुन्या तरतुदीतील वाढावा’ म्हणून जातात, आणि तरतूद खात्यात नावे बाजूला ‘नफा-तोटा खात्यास 1,000’ असे येते. ताळेबंदात वजा होणार ते 16,000 च, हजार रुपयांचा तिथे काही परिणाम नाही. बरीच मुले इथे 16,000 ऐवजी 15,000 वजा करून येतात.

## दुकानातल्या खऱ्या वहीसाठी दोन गोष्टी

पुस्तकातले गणित आणि कर सल्लागाराचा कागद यांत एक फरक आहे, तो कारकुनांनी लक्षात ठेवावा. साध्या व्यापाऱ्याला आयकरासाठी वजावट मिळते ती वहीतून खरोखर काढून टाकलेल्या बुडीत कर्जाची. तरतूद, मग ती संशयित कर्जाची असो की कसरीची, करपात्र उत्पन्न काढताना परत मिळवावी लागते. म्हणून दोन्ही रकमा एकाच ओळीत ठोकून देऊ नका, आतल्या रकान्यात वेगळ्या दिसू द्या. वर्षाने कोणी विचारले तर 9,000 आणि 6,000 कोणाकोणाचे, हे नावनिशीवार सांगता आले पाहिजे.

दुसरे, काढून टाकलेल्या गिऱ्हाइकाची वेगळी यादी ठेवा, खाते शून्य झाले तरी. डिसेंबरात तो 4,000 घेऊन दारात उभा राहतो तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या माणसाने आधी ती यादी बघायची आणि मगच पावती फाडायची. आपल्या कारकुनाजवळ ती यादी असती तर टप्पा 3 मधली दुरुस्ती करावीच लागली नसती.